चुकलेल्यांची पुस्तकं

मित्राची मुलगी तृतीय वर्षाला आहे. पदवी हातात पडली की रानडे इन्स्टिट्यूटला अर्ज करायचा आणि पुढे एखाद्या दैनिकात शिरायचं, असं तिनं ठरवलंय. परवा घरी आली, सॅकमधून एक जुनं पुस्तक काढलं आणि टीपॉयवर ठेवलं. ‘ऑल द प्रेसिडेंट्स मेन’, वॉटरगेट प्रकरण बाहेर काढणाऱ्या दोन अमेरिकी बातमीदारांचं, अप्पा बळवंत चौकात जुन्यात मिळालेलं. म्हणाली, “काका, हे वाचतेय. पण बातमीदारीच्या नीतिमत्तेवर आणखी काय वाचू? यादी द्या.”

यादी द्यायला हरकत नव्हती. अशा याद्या ठरलेल्या असतात. दोन-तीन अमेरिकी पाठ्यपुस्तकं, प्रेस कौन्सिलची आचारसंहिता, एखाद्या मोठ्या संपादकाचं आत्मचरित्र आणि सत्तेला नडलेल्या बातमीदारांच्या दोन विजयगाथा. पण पंचवीस वर्षं डेस्कवर आणि बाहेर काढल्यावर माझं मत असं झालंय, की ही यादी मुलांना चुकीच्या शत्रूसाठी तयार करते. लाच घेऊ नका, मंत्र्याच्या दबावाला बळी पडू नका, जाहिरातदाराला घाबरू नका, हे सगळं खरं आहे. पण पहिल्या तीन वर्षांत नव्या बातमीदाराला मंत्री फोन करत नाही. त्याच्याकडे येतो तो एखादा तळमळीचा माणूस. हातात झेरॉक्स असते, विषय खरा असतो, अन्याय डोळ्यांना दिसत असतो. बातमी चुकते ती तिथे. म्हणून मी तिला म्हटलं, की जिंकलेल्यांची पुस्तकं सावकाश वाच, आधी चुकलेल्यांची वाच. तेही भल्या हेतूनं चुकलेल्यांची.

असं पहिलं प्रकरण आपल्याच गावातलं आहे. त्याकडे आपण तसं कधी बघत नाही, एवढंच.

‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस’ हे आगरकरांचं छोटंसं पुस्तक. टिळक आणि आगरकर १८८२ साली मुंबईच्या डोंगरी तुरुंगात होते, हे पुण्यात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. शेंगांच्या टरफलांच्या गोष्टीशेजारीच ती गोष्ट ठेवलेली असते. जामिनासाठी जोतीराव फुल्यांनी रामशेट उरवणे यांना उभं केलं, हेही कुणीतरी सांगतं. पण तुरुंगात गेले कशासाठी, असं विचारलं की उत्तर येतं, ‘इंग्रजांविरुद्ध लिहिलं म्हणून.’ तसं नव्हतं. खटला अब्रुनुकसानीचा होता आणि फिर्यादी होते कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे.

कोल्हापूरच्या गादीवर तेव्हा चौथे शिवाजी महाराज होते, वयानं विशीच्या आतबाहेर. त्यांना वेड लागलं आहे असं सरकारचं म्हणणं. वेड लागलेलं नाही, त्यांचा छळ चाललाय, असं कोल्हापुरातल्या आणि पुण्यातल्या पुष्कळांचं म्हणणं. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ १८८१च्या जानेवारीत सुरू झाले होते, म्हणजे वर्तमानपत्रं पुरती वर्षाचीही नव्हती. दोन्ही पत्रांनी हा विषय लावून धरला. पुढे काही पत्रं हाती आली. खुद्द बर्व्यांनी लिहिलेली म्हणून ती दाखवण्यात आली आणि त्यांतून कारस्थान उघड होत होतं. त्या पत्रांच्या आधारानं मजकूर गेला. बर्व्यांनी फिर्याद केली आणि कोर्टात पत्रं बनावट निघाली. दोघांनी माफी मागून पाहिली, पण खटला थांबला नाही. जुलै १८८२मध्ये चार महिन्यांची साधी कैद झाली, आणि २६ ऑक्टोबरला, एकशे एक दिवसांनी, ते सुटले.

आगरकरांचं पुस्तक मुख्यतः तुरुंगातल्या दिवसांचं आहे. पत्रांची भानगड समजून घ्यायची तर जोडीला न. चिं. केळकरांनी लिहिलेल्या टिळकचरित्राचा पहिला खंड हवा. दोन्ही शेजारी ठेवून वाचताना मी तिला एकच काम सांगितलंय. पत्रं हाती आल्यापासून मजकूर छापेपर्यंत या दोघांना कुठल्या गोष्टी करता आल्या असत्या, त्या वहीत लिहून काढायच्या. बर्व्यांच्या हस्ताक्षराचा दुसरा, निर्विवाद नमुना मिळवता आला असता का? पत्र देणाऱ्याला ‘हे तुमच्या हाती कसं आलं’ हे विचारून ती वाट उलटी चालून पाहता आली असती का? आणि छापण्याआधी खुद्द बर्व्यांना ‘हे अक्षर तुमचं का’ असं विचारता आलं असतं का? शेवटचा प्रश्न १८८१ साली कुणाच्या डोक्यात येणं अवघडच होतं. ती पद्धतच पुढची. तरी तो लिहायचा.

यातली खरी बोचणारी गोष्ट पुढे घडली. डिसेंबर १८८३मध्ये चौथे शिवाजी महाराज अहमदनगरला वारले. त्यांच्यावर नेमलेल्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झटापट झाली आणि त्यात ते गेले. म्हणजे महाराजांच्या हालांबद्दल पुण्यातल्या दोन तरुण संपादकांना जी शंका होती, ती हवेतली नव्हती. विषय खरा होता, पुरावा खोटा होता. आणि कोर्टासमोर विषय कधीच आला नाही, आला फक्त पुरावा. एकशे एक दिवस आपण त्याग म्हणून सांगतो. त्यागाबद्दल मला शंका नाही. पण बातमीदार होऊ पाहणाऱ्या मुलीनं ते दिवस पडताळणीच्या खात्यावर मांडून पाहावेत, असा माझा आग्रह आहे. पुण्यात हे बोललं की कपाळाला आठ्या पडतात. पडोत.

दुसरं वाचन पुस्तक नाहीच. तो एक चौकशी अहवाल आहे, इंटरनेटवर फुकट मिळतो आणि इंग्रजीत सुमारे तेरा हजार शब्दांचा आहे. अमेरिकेतल्या ‘रोलिंग स्टोन’ मासिकानं नोव्हेंबर २०१४मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठातल्या एका विद्यार्थिनीवरच्या सामूहिक बलात्काराची मोठी बातमी छापली. देशभर खळबळ उडाली. काही आठवड्यांतच बातमी खिळखिळी झाली, तेव्हा मासिकाच्या मालकानं कोलंबिया विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागालाच ‘आमचं कुठे चुकलं ते शोधा’ असं सांगितलं. अहवाल ५ एप्रिल २०१५ला आला आणि मासिकानं बातमी पूर्ण मागे घेतली.

नीतिमत्तेवरच्या दहा पाठ्यपुस्तकांपेक्षा हा अहवाल मला मोलाचा वाटतो, कारण यात कुणी दुष्ट नाही. बातमीदार अनुभवी होती. संपादक होते, त्यांच्या वर संपादक होते, तथ्यं तपासायला स्वतंत्र माणूस होता. आपल्याकडच्या कुठल्याही मराठी दैनिकात असला माणूस नसतो. उपसंपादकच शुद्धलेखन बघतो, मथळा देतो आणि तपासतोही. तरी तिथे बातमी चुकली.

कशी चुकली, ते अहवाल एकेका फोनपर्यंत नेऊन दाखवतो. त्या रात्री घटनेनंतर आपल्याला तीन मित्र भेटले आणि त्यांनी तक्रार करू नकोस असं सुचवलं, असं त्या मुलीनं सांगितलं होतं. बातमीत त्या तिघांना टोपणनावं दिली गेली आणि त्यांच्या तोंडी अवतरणचिन्हांत वाक्यंही घातली गेली. बातमीदार त्या तिघांपैकी एकाशीही बोलली नव्हती. वाक्यं सगळी त्या मुलीकडून आलेली. एका मित्रानं मुलाखत द्यायला नकार दिला, असंही बातमीत छापलं होतं. त्याला विचारलंच नव्हतं. हा नकारही मुलीनंच सांगितलेला.

या अहवालातली एक जागा मी तिला पेन्सिलनं खूण करून दिली. तथ्यं तपासणाऱ्या व्यक्तीनं बातमीच्या मसुद्यावर त्या मित्राच्या वाक्याशेजारी नोंद केली होती, की हे वाक्य त्या मुलीच्या नावावर टाकायचं का, आणि त्याच्याकडून खात्री करून घेता येईल का. म्हणजे चूक दिसली होती, समासात लिहूनही झाली होती. पण ती नोंद तिथेच राहिली आणि पान छपाईला गेलं. डेस्कवर बसलेल्या कुणालाही हा प्रसंग वाचताना पोटात खड्डा पडेल. ‘वर विचारून घेतो’ म्हणून सोडून दिलेल्या अशा किती नोंदी माझ्या हातून गेल्या असतील, ते मीच जाणे.

ज्या विद्यार्थी संस्थेच्या घरात हे घडलं असा आरोप होता, तिच्याशी मात्र बातमीदारानं संपर्क केला होता. पण विचारलं काय? तुमच्या शाखेवर सामूहिक बलात्काराचे आरोप झाले आहेत, तुमचं म्हणणं काय? तारीख नाही, कार्यक्रम कुठला ते नाही, माणूस कोण ते नाही. या प्रश्नाला ‘आम्हाला माहीत नाही, आम्ही गांभीर्यानं घेऊ’ याखेरीज उत्तर काय येणार? बातमी छापल्यावर तपशील कळले तेव्हा संस्थेनं सांगितलं, की त्या आठवडाअखेरीला आमच्याकडे कार्यक्रमच नव्हता. हे आधी कळलं असतं तर बातमीदार थबकली असती. प्रतिक्रिया घेतली असं म्हणता येईल एवढं विचारायचं आणि उत्तर देता येईल इतकं विचारायचं नाही, ही खोड आपल्याकडेही मुरलेली आहे.

चूक उघड झाल्यावर मासिकाच्या लोकांचं म्हणणं असं पडलं, की आम्ही पीडितेबद्दल फार हळवे झालो, तिला जपत राहिलो. अहवाल हे कारण पुरेसं मानत नाही, आणि माझ्या मते त्याची सगळ्यात धारदार जागा तीच आहे. त्या तीन मित्रांशी तू स्वतंत्रपणे बोलू नकोस, अशी अट त्या मुलीनं घातलीच नव्हती. त्यांना फोन केल्यानं तिला दिलेला कुठलाही शब्द मोडला नसता. सहानुभूती आड आली नव्हती, फोन करायचा राहिला होता. आपल्याकडे नीतिमत्तेची चर्चा निघाली की ती लगेच माणसाच्या मनात शिरते. हेतू चांगला होता की वाईट, संवेदनशीलता होती की नव्हती, वगैरे. हा अहवाल मन बाजूला ठेवतो आणि कुणाला, कधी, काय विचारलं एवढंच बघतो. बलात्काराची तक्रार करणाऱ्या इतर मुलींवर या एका बातमीमुळे पुढे संशय घेतला जाईल, ही भीतीही तो नोंदवतो. कोल्हापूरसारखंच. विषय खरा, पुरावा कच्चा.

माझं स्वतःचं कात्रणही मी तिला दाखवलं. नोकरीचं दुसरं वर्ष होतं. पालकांच्या एका गटानं एका सरकारी कार्यालयाच्या पत्राची झेरॉक्स आणून दिली. अमुक शाळेचे वर्ग दुसरीकडे हलवण्याचा आदेश. लेटरहेड होतं, विषय होता, संदर्भ होता, खाली अधिकाऱ्याचं पदनाम आणि एक गिचमिड आद्याक्षर. रात्री साडेआठला त्या अधिकाऱ्याच्या कार्यालयात फोन लावला. त्या वेळी तिथे कोण असणार? कुणी उचलला नाही. मी शेवटच्या ओळीत लिहिलं, ‘संबंधित अधिकाऱ्यांशी संपर्क होऊ शकला नाही.’ बातमी पहिल्या पानावर गेली आणि सकाळी शाळेच्या फाटकावर पालक जमले.

ते पत्र निघालेलंच नव्हतं. तो मसुदा होता आणि वरच्या साहेबांनी तो नामंजूर केला होता. झेरॉक्सवर डाव्या कोपऱ्यात ‘जा.क्र.’ छापलेलं होतं, पुढची जागा कोरी. कार्यालयातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पत्राला जावक क्रमांक पडतो आणि तो जावक नोंदवहीत तारखेसह चढतो. क्रमांक नाही याचा अर्थ पत्र अजून कुणाच्या तरी टेबलावर आहे. एवढं साधं. आणि क्रमांक असला तरी काम संपत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जावक लिपिकाकडे जाऊन तो क्रमांक, ती तारीख आणि तो विषय वहीत जुळतात का हे पाहायचं, शिवाय ज्याच्या नावानं पत्र आहे त्याच्या आवक नोंदीत ते पोचलं का हेही विचारायचं. दोन्हीकडे नोंद सापडली तर पत्र खरं असण्याची शक्यता बरीच वाढते. मजकूर खरा आहे की नाही हे त्यातूनही कळत नाही, पत्र निघालं एवढंच कळतं. तिसऱ्या दिवशी आमच्या आतल्या पानावर तीन ओळींचा खुलासा आला. मथळ्याचा टाइप पहिल्या दिवशी किती मोठा होता आणि खुलाशाचा किती, ते कात्रणांत शेजारी शेजारी दिसतं.

तिनं कात्रण वाचलं आणि विचारलं, “काका, संपर्क ‘होऊ शकला नाही’ की तुम्ही केला नाहीत?”

प्रेस कौन्सिलच्या पत्रकारितेच्या निकषांत याचं उत्तर आहे. कुणावर आरोप करणारा मजकूर हाती आला तर प्रसिद्धीआधी इतर विश्वसनीय सूत्रांबरोबरच त्या व्यक्तीकडे किंवा संस्थेकडेही खातरजमा करावी, तिचं म्हणणं घेऊन ते बातमीसोबत छापावं, आणि प्रतिसाद आला नाही तर तशी टीप द्यावी, असं त्यात म्हटलंय. चांगला नियम आहे. फक्त फोन किती वाजता केला आणि उत्तराला किती वेळ दिला, ते टीपेत लिहावं लागत नाही. माझी बातमी या नियमात आरामात बसत होती. म्हणूनच आचारसंहिता हे पहिलं वाचन असू नये. ती आधी वाचली की मुलं तिच्यात बसायला शिकतात. चुकलेल्या बातम्या पाहून मग वाचली, तर तिच्या फटी दिसतात. कौन्सिलचे हात किती लांब आहेत हेही तेव्हाच लक्षात येतं. कौन्सिल ताकीद देऊ शकतं, ठपका ठेवू शकतं, दंड करू शकत नाही, आणि टीव्ही वाहिन्या तर त्याच्या कक्षेतच येत नाहीत.

तिसरं पुस्तक मी थोडं बिचकतच सुचवलं. जॅनेट माल्कम यांचं ‘द जर्नलिस्ट अँड द मर्डरर’, १९९०चं. यात चुकलेला बातमीदार आधीच्या दोघांच्या उलट आहे. जो मॅकगिनिस हा लेखक खुनाचा आरोप असलेल्या एका डॉक्टरच्या बचाव पथकात राहिला. डॉक्टरला शिक्षा झाल्यावरही त्यानं तुरुंगात त्याला वर्षानुवर्षं मैत्रीची, विश्वासाची पत्रं लिहिली. आणि १९८३ साली पुस्तक आलं, त्यात तो डॉक्टर थंड डोक्याचा खुनी. डॉक्टरनं तुरुंगातून लेखकावर दावा लावला. सहा ज्यूरींपैकी पाच जणांचा कौल खुनी ठरलेल्या माणसाच्या बाजूनं होता. एकमत झालं नाही, पण पुढे तडजोडीत त्याला सव्वातीन लाख डॉलर मिळाले. माल्कमबाई यावरून असं मांडतात, की हा एकट्या मॅकगिनिसचा दोष नसून धंद्याचाच आहे, कारण समोरच्याचा विश्वास मिळवायचा आणि मग स्वतःला हवं ते लिहायचं, हे सगळेच बातमीदार करतात.

मला हे पूर्ण पटत नाही. आमच्या रोजच्या बातम्यांत समोरच्याला ठाऊक असतं की वही उघडी आहे. महापालिकेतला नगरसेवक बातमीदाराच्या प्रेमात पडून बोलत नाही, तोही त्याचं गणित मांडूनच बोलतो. पण ज्याला वर्तमानपत्राची सवय नाही, जो आयुष्यात पहिल्यांदाच बातमीदाराशी बोलतोय, त्याच्या बाबतीत माल्कमबाईंचं म्हणणं लागू पडतं. अपघातात मुलगा गेलेल्या बापाच्या घरी मी बसलेलो आहे, पाणी प्यायलेलो आहे, आणि उठताना फोटो मागितलेला आहे. आणखी एक गोष्ट या पुस्तकासोबत वाचायला हवी. खुद्द माल्कमबाईंवरही खटला झाला होता. जेफ्री मॅसन या मनोविश्लेषकानं, माझ्या तोंडी न बोललेली वाक्यं घातली, असा दावा लावला. तो १९९१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९९४मध्ये ज्यूरींनी माल्कम यांच्या बाजूनं कौल दिला. न्यायालयानं म्हटलं, की बोलणाऱ्याचे शब्द बदलले एवढ्यानं खोटेपणा सिद्ध होत नाही, बदलामुळे अर्थात मोठा फरक पडला पाहिजे. मराठी दैनिकात अवतरणचिन्हांत जे छापतो त्यातलं किती शब्दशः बोललेलं असतं, हे ज्यानं डेस्कवर काम केलंय त्याला विचारा.

या सगळ्यावर तिचा आक्षेप रास्त होता. “हे वाचून मला बातमी करायचीच भीती वाटेल.” वाटेल थोडी. पण जी भीती फोन करायला लावते ती चालेल. संध्याकाळी सातला पान सोडायचं असताना पाच जणांना फोन होत नाहीत, हेही मला ठाऊक आहे. तेव्हा बातमी छोटी करायची. जेवढं जुळलंय तेवढंच छापायचं, बाकीचं उद्या. आमच्या काळात ‘उद्या दुसऱ्याकडे येईल’ ही धास्ती असायची. आता तर दर दहा मिनिटांनी येते, त्यामुळे हे सांगणं सोपं आणि करणं अवघड झालंय, हे मान्य.

निघताना तिनं टीपॉयवरचं पुस्तक उचललं. “मग हे आत्ता वाचू नको?”

वाच म्हटलं. फक्त ऑक्टोबर १९७२चा भाग आला की हळू हो. वॉटरगेटच्या त्या दोन बातमीदारांनी छापलं होतं, की प्रचाराच्या गुप्त निधीबद्दल अध्यक्ष निक्सनच्या प्रचारसमितीच्या माजी खजिनदारानं ग्रँड ज्यूरीसमोर निक्सनचे चीफ ऑफ स्टाफ हाल्डमन यांचं नाव घेतलं. खात्री करायला दोघांपैकी बर्नस्टीननं न्याय खात्यातल्या एका वकिलाला फोन केला आणि एक युक्ती सांगितली. मी दहापर्यंत मोजतो, बातमी चूक असेल तर त्याआधी फोन ठेवून द्या. दहा अंक झाले, पलीकडे फोन तसाच होता. बातमी गेली. त्या वकिलाला युक्ती उलटी समजली होती. त्या निधीवर हाल्डमन यांचा हात होता हे खरं होतं, पण खजिनदारानं ज्यूरीसमोर तसं सांगितलं नव्हतं, कारण त्याला ते विचारलंच गेलं नव्हतं. व्हाइट हाउसनं त्या एका वाक्यावरून वर्तमानपत्राला झोडपून काढलं.

तिनं तिथेच उभ्याउभ्या पानं चाळून तो भाग शोधला आणि रिक्षाच्या भाड्याची पावती खूण म्हणून घातली.